सीजीपीए ७.८५ म्हणजे जर्मनीत किती? परदेशी नोकरीच्या रेझ्युमेवर गुण कसे लिहावेत

४.० हा आकडा अमेरिकेतल्या रेझ्युमेवर असेल तर तो सर्वोत्तम निकाल. जर्मनीतल्या रेझ्युमेवर तोच आकडा असेल तर उमेदवार जेमतेम उत्तीर्ण. आपल्याकडच्या दहाच्या पट्टीवर ४ म्हणजे ‘पी’ श्रेणी, पासाची सगळ्यात खालची पायरी. म्हणून नुसतं ‘सीजीपीए ७.८५’ लिहून रेझ्युमे पाठवला, तर तो वाचणाऱ्या जर्मन माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याच्याकडे सर्वात चांगली श्रेणी १.० असते आणि आकडा जितका मोठा तितका निकाल वाईट.

या लेखात मुख्य उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे. तिथे रेझ्युमेवर पदवीची श्रेणी लिहिण्याची रीत आहे, सोबत प्रमाणपत्रांच्या प्रती जोडाव्या लागतात आणि रूपांतराचं सूत्रही ठरलेलं आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हेच काम वेगळ्या पद्धतीने होतं, ते पुढे येईल.

आधी गुणपत्रक उलटून बघा

गणिताला बसण्याआधी गुणपत्रकातून चार गोष्टी टिपून घ्या. पहिली, मिळालेला आकडा, दशांशासकट जसा छापला आहे तसा. दुसरी, त्या पट्टीवरचा कमाल आकडा. तिसरी, उत्तीर्ण होण्यासाठी लागणारा किमान आकडा. चौथी, पदवी प्रमाणपत्रावर छापलेला वर्ग, म्हणजे ‘फर्स्ट क्लास’, ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ वगैरे.

कमाल आकडा गृहीत धरू नका. आज बहुतेक ठिकाणी दहाची पट्टी असली तरी मुंबई विद्यापीठात काही वर्षं सातची पट्टी होती. त्या काळातल्या विद्यार्थ्याने ५.६ हा आकडा ‘दहापैकी’ म्हणून लिहिला तर स्वतःचंच नुकसान होईल. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते आणि पुढचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे. गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला श्रेणींचा तक्ता असतो. यूजीसीच्या दहाच्या पट्टीवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. या तक्त्याप्रमाणे विषय सुटायला ४ पुरतात. पण काही संस्थांच्या नियमांत पदवी मिळायला एकूण सीजीपीए किमान ५ असावा अशी वेगळी अट असते. तशी अट असेल तर किमान आकडा ५ धरा, नसेल तर ४. तक्ता छापलेला नसेल तर तुमच्या बॅचला लागू असलेले परीक्षा-नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा. नव्या बॅचचे नियम जुन्या पदवीला लावू नका.

आकडा कशाचा आहे हेही पाहायला हवं. टक्केवारीच्या अनेक जुन्या पॅटर्नमध्ये वर्ग फक्त शेवटच्या वर्षाच्या गुणांवर दिला जाई. मग प्रमाणपत्रावर ‘फर्स्ट क्लास’ असतो आणि चारही वर्षांची सरासरी ५७ टक्के निघते. दोन्ही खरं असतं. रेझ्युमेवर प्रमाणपत्रावरचा वर्ग लिहा आणि टक्के शेवटच्या वर्षाचे आहेत की सगळ्या वर्षांचे, ते दोन शब्दांत सांगा. न सांगता सरासरीच्या जागी शेवटच्या वर्षाचे टक्के टाकले, तर पडताळणीत तो आकडा कुठल्याच कागदावर सापडत नाही.

मधे टक्के आणू नका

सीजीपीएचं आधी टक्क्यांत रूपांतर आणि मग टक्क्यांवरून परदेशी श्रेणी, हा दोन टप्प्यांचा मार्ग फार लोक धरतात. गडबड तिथेच होते, कारण पहिल्या टप्प्यासाठी सर्वांना लागू पडेल असं एक सूत्र भारतात नाही.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा गुणक ९.५ हा सीबीएसईचा. २०१० ते २०१७ या काळात दहावीच्या निकालात सीजीपीए असे, आणि त्यावरून टक्क्यांचा अंदाज घेण्यासाठी मंडळाने हा गुणक दिला होता. विद्यापीठाच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. अनेक विद्यापीठांची स्वतःची सूत्रं आहेत आणि एकाच विद्यापीठात पॅटर्न बदलला की सूत्रही बदलतं.

७.८५ घेऊन पाहा. ९.५ने गुणलं तर ७४.६ टक्के येतात, एआयसीटीईच्या पद्धतीने ७१. साडेतीन टक्क्यांचा हा फरक पुढच्या टप्प्यात आणखी वाढतो. म्हणून दहाच्या पट्टीवरून थेट परदेशी पट्टीवर जा. टक्के फक्त तेव्हा द्या जेव्हा अर्जात ते स्पष्ट मागितले असतील, आणि तेव्हाही तुमच्या विद्यापीठाच्याच सूत्राने. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सीजीपीएचं टक्क्यांतलं रूपांतर दाखवणारं पत्र मिळत असेल तर ते आताच काढून ठेवा. नोकरीची ऑफर हातात आल्यावर ते मागायला गेलात, तर मुदत आणि पत्र यांची गाठ पडणं अवघड.

जर्मन सूत्र, एका खऱ्यासारख्या उदाहरणावर

जर्मनीत परदेशी निकालासाठी जे सूत्र वापरतात त्याला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ म्हणतात:

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

इथे `Nmax` म्हणजे पट्टीवरचा कमाल आकडा, `Nmin` म्हणजे उत्तीर्णतेचा किमान आकडा आणि `Nd` म्हणजे तुमचा आकडा. सूत्र काय करतं ते नीट पाहिलं की लक्षात ठेवावं लागत नाही. कमाल आकडा मिळवणाऱ्याला ते १.० देतं, जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्याला ४.० देतं आणि मधल्यांना सरळ रेषेत वाटून टाकतं.

आता एक उमेदवार घेऊ. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, सीजीपीए ७.८५, पट्टी दहाची, किमान ४. एक्सेलच्या कोणत्याही चौकटीत हे टाका:

```
=1+3*(10-7.85)/(10-4)
```

उत्तर येतं २.०७५. जर्मनीत श्रेणी एकाच दशांशापर्यंत लिहितात. तिथल्या बऱ्याच परीक्षा-नियमांत पहिल्या दशांशापुढचे आकडे जवळच्या आकड्यात न मिळवता सरळ सोडून देतात, त्या हिशेबाने २.० झाले असते. तरीही रेझ्युमेवर २.१ लिहा. स्वतः केलेलं रूपांतर नेहमी आपल्या विरुद्ध बाजूला झुकवावं. पुढे कुणी तपासलं तर निघालेला फरक तुमच्या बाजूचा असतो.

२.१ म्हणजे किती चांगलं? जर्मन पट्टीवर १.०पासून १.५पर्यंत ‘झेअर गूट’, म्हणजे अतिशय चांगलं. १.६ ते २.५ ‘गूट’, चांगलं. २.६ ते ३.५ ‘बेफ्रीडिगेंड’, समाधानकारक. ३.६ ते ४.० ‘आउसराइशेंड’, म्हणजे पुरेसं. आपला उमेदवार ‘गूट’मध्ये आरामात बसतो.

आता याच पदवीची चुकीची गणितं करून पाहू, कारण इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये नेमकं काय बिघडतं ते त्यातून दिसतं. किमान आकड्याच्या चौकटीत काहीच न भरल्याने तिथे शून्य धरला गेला, तर उत्तर १.६ येतं. किमान ४ असताना ५ टाकला तर २.३. आधी ९.५ने गुणून ७४.६ टक्के केले आणि किमान ४० टक्के धरले तर पुन्हा २.३. एआयसीटीईच्या ७१ टक्क्यांवरून गेलात तर २.४५. माणूस तोच, पदवी तीच, निकाल मात्र १.६पासून जवळपास २.५पर्यंत. तुमचं उत्तर अनपेक्षितपणे चांगलं आलं असेल तर सगळ्यात आधी किमान आकडा तपासा. दहांपैकी नऊ वेळा चूक तिथेच असते.

आता जुन्या टक्केवारीची पदवी. बी.एस्सी., ६४.५ टक्के, उत्तीर्णतेची मर्यादा ४० टक्के. सूत्राने २.८ येतात (नेमके २.७७५), म्हणजे आपल्याकडचा ‘फर्स्ट क्लास’ तिथे ‘बेफ्रीडिगेंड’ ठरतो. यात सूत्राची मर्यादा उघडी पडते. सूत्र असं धरून चालतं की १०० टक्के हा आवाक्यातला आकडा आहे. आपल्या जुन्या टक्केवारीत, त्यातही वर्णनात्मक उत्तरांच्या विषयांत, ७०च्या वर जाणारे मोजकेच असत. ही गोष्ट सूत्राला सांगता येत नाही, पण रेझ्युमे वाचणाऱ्याला सांगता येते. त्यासाठी वर्ग आणि त्या वर्गाची खालची मर्यादा लिहा. विद्यापीठाकडून गुणवत्ता क्रमाचं प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही लिहा. कागद हातात नसेल तर क्रम लिहू नका.

जर्मन रेझ्युमेवरची प्रत्यक्ष ओळ

नियम एकच: मूळ निकाल आधी, पूर्ण आणि त्याच्या पट्टीसकट. रूपांतर त्याच्या खाली, आणि ते कोणत्या पद्धतीने केलं ते सोबत. आपल्या उमेदवाराची नोंद अशी होईल:

```
Bachelor of Engineering (B.E.), Maschinenbau
CGPA 7,85 von 10 (Bestnote 10, Mindestnote 4)
Umgerechnet nach der modifizierten bayerischen Formel: 2,1
```

यातला स्वल्पविराम चुकून पडलेला नाही. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून जर्मन भाषेतल्या रेझ्युमेवर `7,85`. रेझ्युमे इंग्रजीत पाठवत असाल तर सगळीकडे टिंबच ठेवा. एकाच पानावर एक आकडा टिंबाने आणि दुसरा स्वल्पविरामाने, असं होऊ देऊ नका. दुसऱ्या ओळीतली किमान श्रेणी फार कामाची आहे. ती दिसली की वाचणारा स्वतः गणित करून तुमचा २.१ पडताळू शकतो.

टक्केवारीवाल्या उमेदवाराची नोंद, इंग्रजी रेझ्युमेसाठी:

```
B.Sc. Chemistry
64.5%, First Class (First Class: 60% and above; pass: 40%)
German equivalent (modified Bavarian formula): 2.8
```

रूपांतर फारसं चांगलं आलं नाही तर तिसरी ओळ गाळता येते. मूळ निकाल मात्र गाळू नका. जर्मनीत अर्जासोबत पदवी आणि गुणपत्रकं जोडतात, तेव्हा आकडा समोर येणारच असतो. रेझ्युमेवर नाही पण जोडपत्रात आहे, अशा वेळी लपवल्यासारखं वाटतं. दहावी-बारावीच्या गुणांचं रूपांतर करत बसू नका. हातात पदवी असेल तर ते कुणी विचारत नाही.

अमेरिका: सरळ भागाकार करायचा नाही

अमेरिकेत पट्टी ४.०ची. म्हणून ७.८५ला ०.४ने गुणून ३.१४ काढायचं किंवा ६४ टक्क्यांना २५ने भागायचं, असं फार लोक करतात. ही सरळ वाटणी तिथल्या कोणत्याच पद्धतीशी जुळत नाही. तिथे जीपीए विषयवार बनतो. प्रत्येक विषयाला ए, बी, सी असं अक्षर मिळतं, अक्षराला ४, ३, २ असे गुण मिळतात आणि विषयाच्या क्रेडिटच्या वजनाने त्यांची सरासरी काढतात. भारतीय गुणपत्रकाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थाही असंच करतात.

सोपं करून सांगायचं तर समान वजनाचे चार विषय घ्या. गुण ७२, ६१, ५८ आणि ६६. सरासरी ६४.२५, आणि २५ने भागल्यावर २.५७. आता समजा मूल्यमापकाने त्या विद्यापीठासाठी ६० आणि पुढे ए, ५० ते ५९ बी असं धरलं. मग चार, चार, तीन, चार, म्हणजे ३.७५. अमेरिकेत ३.०च्या खालचा जीपीए अनेक कंपन्यांच्या पहिल्या चाळणीतच अडतो. म्हणजे सरळ भागाकाराने या उमेदवाराने स्वतःला स्वतःच बाद केलं. आणि उलट, मूल्यमापन न करता कुठूनतरी ३.७५ आणून लिहिला, तर तो सिद्ध करणारा कागद त्याच्याकडे नाही.

म्हणून तिथे दोनच मार्ग सुरक्षित आहेत. मूल्यमापनाचा अहवाल नसेल तर मूळ निकाल तसाच लिहा:

```
B.E., Mechanical Engineering
CGPA: 7.85/10, First Class with Distinction
```

इथला वर्ग तुमच्या प्रमाणपत्रावर असेल तोच लिहायचा. ‘७.८५ म्हणजे डिस्टिंक्शनच की’ असं स्वतः ठरवायचं नाही, कारण डिस्टिंक्शनची मर्यादा विद्यापीठागणिक बदलते. दुसरा मार्ग म्हणजे डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यायचं आणि अहवालातला आकडा संस्थेच्या नावासह मूळ आकड्याशेजारी लिहायचा. अहवाल मागवताना ‘कोर्स बाय कोर्स’ हा प्रकार निवडा. ‘डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट’ प्रकारात पदवी समकक्ष आहे की नाही एवढंच कळतं, जीपीए मिळत नाही, आणि पैसे भरून झाल्यावर हे लक्षात येणं त्रासाचं. मोफत ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरचा अंदाज हा अहवाल नव्हे, त्याला संस्थेचं नाव लावू नका.

ब्रिटन: ‘फर्स्ट क्लास’ शब्दाचा घोटाळा

ब्रिटनमध्ये शब्द आपल्याच ओळखीचे आहेत आणि म्हणूनच गैरसमज होतो. तिथे ‘फर्स्ट’ म्हणजे ७० आणि पुढे. ६० ते ६९ला ‘टू-वन’ म्हणतात, ५० ते ५९ला ‘टू-टू’ आणि ४० ते ४९ला ‘थर्ड’. आपला फर्स्ट क्लास ६०पासून सुरू होतो. नुसतं ‘फर्स्ट क्लास’ लिहिलंत तर वाचणारा ७०च्या वरचं समजतो. पुढे गुणपत्रकात ६४.५ दिसले की तुम्ही फुगवून सांगितलं असा त्याचा समज होतो, आणि तुम्ही तर प्रमाणपत्रावरचेच शब्द उतरवलेले असतात. वर दिलेली ‘६० टक्के आणि पुढे’ ही कंसातली मर्यादा हा घोटाळा टाळते.

तिथल्या जाहिरातींत ‘टू-वन किंवा समकक्ष’ अशी अट वारंवार दिसते. स्वतःहून रेझ्युमेवर ‘टू-वन’ लिहू नका. ही श्रेणी ब्रिटिश विद्यापीठ देतं, तुमच्या विद्यापीठाने ती दिलेली नाही. समकक्षतेची पट्टी त्या कंपनीकडे असेल तर ती तिच्या भरती-पानावर असते. नसेल तर भरती विभागाला दोन ओळींची ईमेल करून विचारा: पदवी, टक्के, वर्गाची मर्यादा, आणि ही तुमच्या अटीत बसते का. आलेलं उत्तर जपून ठेवा.

ऑनलाइन अर्जातली चौकट

रेझ्युमेवर तीन ओळी लिहिता येतात, पण कंपनीच्या पोर्टलवर एक चौकट असते आणि तिला एकच आकडा हवा असतो. चौकटीशेजारी पट्टी निवडायची सोय असेल तर १० निवडा आणि ७.८५ भरा. पट्टी ४चीच असेल आणि तुमच्याकडे मूल्यमापनाचा अहवाल असेल तर त्यातला आकडा भरा. अहवाल नसेल आणि चौकट ऐच्छिक असेल तर ती रिकामी सोडा आणि शिक्षणाच्या वर्णनात मूळ निकाल लिहा. चौकट सक्तीची असेल तर भरलेला आकडा कसा काढला ते त्याच वर्णनात एका वाक्यात नोंदवा. श्रेणीची यादी असेल तर तिच्या तळाशी ‘इतर’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय पदवी’ असा पर्याय आहे का ते आधी पाहा. बरेचजण यादी खालपर्यंत सरकवतच नाहीत.

जर्मन पोर्टलवर `Note` किंवा `Abschlussnote` अशी चौकट दिसली तर तिथे १ ते ४मधलाच आकडा अपेक्षित असतो. तिथे ७.८५ भरला तर प्रणाली तो नाकारते किंवा, त्याहून वाईट, स्वीकारते आणि तुम्ही अनुत्तीर्ण म्हणून खाली जाता. तिथे २.१ भरा.

पडताळणीच्या वेळी

नोकरी ठरल्यावर अनेक परदेशी कंपन्या पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेला काम देतात. ती संस्था अर्जातला आकडा गुणपत्रकाशी ताडून पाहते आणि तिला तुमच्या रूपांतराशी देणंघेणं नसतं. ७.८५चे ७.९ केले असतील किंवा ५९.६ टक्क्यांचे ६० केले असतील, तर तिच्या अहवालात ‘तफावत’ अशी नोंद होते. ५९.६ हे ५९.६च राहू द्या. तुमच्या विद्यापीठाने ते ६० धरून फर्स्ट क्लास दिला असेल तर तसं प्रमाणपत्रावर असेलच, आणि मग वर्ग लिहायला हरकत नाही.

एक छोटी फाइल करून ठेवा: सर्व सत्रांची गुणपत्रकं पुढून-मागून स्कॅन केलेली, पदवी प्रमाणपत्र, किमान श्रेणी दाखवणारं नियमांचं पान आणि रूपांतराचं एका ओळीचं गणित. मागची बाजू स्कॅन करायला विसरू नका. श्रेणींचा तक्ता तिथे असतो, आणि तुमचा २.१ कुठून आला हे विचारणाऱ्याला दाखवायचं पान तेच.